तुटीचा रकाना

बाबालाल पटवेगार रजेवर असला की मंगळवार पेठेतल्या ग्राहक भांडाराचा धंदा बसायचा. बायका दारातून आत डोकावायच्या, तराजूपुढं दुसराच कुणी दिसला की "उद्या येतो की" म्हणायच्या आणि रिकामी पिशवी हलवत परत फिरायच्या. एवढी वट कोल्हापुरात त्या काळी एखाद्या वैद्याची असली तर असेल. आणि हा तर साधा तोलणारा, पगार एकशे साठ रुपये.

त्याचं कारण पेठेला ठाऊक होतं. भांडाराची रीत अशी होती, की आधी खिडकीवर कारकून पावती फाडायचा, पैसे घ्यायचा, आणि गिऱ्हाईक ती पावती घेऊन बाबालालसमोर यायचं. बाबालाल पावतीवर नजर टाकायचा, वजनं मांडायचा, साखर ओतायचा. काटा स्थिर झाला, दोन्ही पारडी समोरासमोर आली, की पाची बोटं पोत्यात घालून वर आणखी एक चिमूट टाकायचा. चिमूट कसली, मूठच ती, लहानशी. मालाचं पारडं सुळकन खाली जायचं आणि मगच तो पिशवीत माल सोडायचा. त्याला पेठेत "वरचं" म्हणायचे. वरचं पडेपर्यंत कुठल्याच बाईनं पिशवी पुढं केली नाही.

ही सवय त्याच्या बापाची. बाप शाहूपुरीच्या गुळाच्या बाजारात तोलार होता. तोलणाऱ्याचा हात एक गुंजभर जरी आखडला तरी ते पोरांच्या ताटात हराम होऊन येतं, असं तो सांगायचा, आणि नुसतं सांगून थांबायचा नाही, लहानग्या बाबालालच्या मनगटावर छडी ठेवून त्याच्याकडून गूळ तोलून घ्यायचा. काटा गिऱ्हाइकाकडं झुकला नाही तर छडी पडायची. असा हात तयार झालेला. बाबालालला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, वजन पुरं कधी होतं, तर तो म्हणाला असता, वरचं टाकल्यावर. त्याच्या लेखी ते देणं नव्हतंच, तो तोलण्याचाच भाग होता.

आणि माणूस चोख. भांडार बासष्ट साली निघालं तेव्हापासून तो तिथं होता, पण शेंगदाण्याचा एक दाणा कधी तोंडात टाकला नाही. घरचा बाजार घ्यायचा तर रीतसर पावती फाडायचा आणि तेलाच्या पिंपावरच्या ईरप्पाला बोलावून तोलून घ्यायचा. आपलं आपण तोललं तर मनात शंका राहती, म्हणायचा. या चोखपणाचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता. दुसऱ्याच्या हाताकडं तो जरा वरूनच बघायचा.

तर असा हा बाबालाल, आणि असं ते भांडार, दरवर्षी जेमतेम नफ्यात.

दरवर्षी तीस जूनला सहकारी वर्ष संपलं की भांडार दोन दिवस बंद ठेवायचे. पोती मोजायची, डबे मोजायचे, साबणाच्या वड्या मोजायच्या. मग हिशोब मांडायचा: वर्षाच्या सुरुवातीला होता तेवढा माल, त्यात वर्षभराची खरेदी मिळवा, आता शिल्लक आहे तो वजा करा, उरलं ते विकलेल्या मालाची किंमत. विक्रीतून ती वजा केली की नफा. नफा दरवर्षी कमी निघायचा आणि दरवर्षी जुने मॅनेजर सभेत सांगायचे, की आपण गरिबाला स्वस्त देतो म्हणून कमी. सभासद टाळ्या वाजवायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

चौऱ्याहत्तर साली जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि रेवणसिद्ध हिरेमठ नावाचा तिशीतला गडी आला, गडहिंग्लजकडचा. सहकाराची परीक्षा पास झालेला, कपाळाला भस्माची बारीक रेघ, बोलणं मऊ. पण आकडा बघितला की त्याचे डोळे बदलायचे. आल्या आल्या त्यानं जूनचा हिशोब काढला आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना बाबालालला आणि ईरप्पाला टेबलाजवळ बोलावलं.

"मामा, गेल्या वर्षी विक्री झाली सहा लाखांची," तो बाबालालला म्हणाला. "आपण शंभर रुपयांच्या विक्रीला सहा रुपये सुटतील असा भाव ठेवतो. म्हणजे नफा किती पायजे? छत्तीस हजार. हातात आलेत सव्वीस. दहा हजार कुठं गेले?"

"गरिबाला स्वस्त दिलं," बाबालाल म्हणाला. बारा वर्षं ऐकलेलं तोंडात बसलं होतं.

"कुठं स्वस्त दिलं? पावत्या बघितल्या मी. भाव ठरल्यापेक्षा एक पैसा कमी नाही."

मग त्यानं एक कागद ओढून त्यावर आकडे लिहिले. सुरुवातीचा माल बासष्ट हजार, खरेदी पाच लाख सत्तर हजार, शिल्लक अठ्ठावन्न हजार. विकलेल्या मालाची किंमत पाच लाख चौऱ्याहत्तर हजार.

"ह्या पद्धतीत एक गोम हाय," तो म्हणाला. "जे रॅकवर नाही ते विकलं, असं हा हिशोब धरून चालतो. उंदरानं खाल्लं, पोतं फाटून सांडलं, कुणी पळवलं, सगळं 'विकलेल्या माला'त बसतं. सहा लाखांच्या विक्रीला खरा माल लागायला पायजे पाच लाख चौसष्ट हजारांचा. वरचे दहा हजार विकलेच नाहीत मामा. ते गेलेत. आणि वर्षातनं एकदा मोजायचं, त्यामुळं कुठल्या महिन्यात गेले, साखरेतनं गेले का साबणातनं, काही कळत नाही."

दहा हजार म्हणजे त्याचा पाच वर्षांचा पगार. तो ज्या जागी रोज नमाज पढून येऊन उभा राहतो, त्या जागेतून एका वर्षात एवढा माल उडाला, आणि बारा वर्षांचं गणित मांडायला तर त्याचं मनच धजेना. आपल्या नाकाखाली चोर नांदतोय, या विचारानं त्याला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"मग करायचं काय सायेब?" ईरप्पानं विचारलं.

"कार्ड लावायचं. प्रत्येक मालाला एक. आला की जमा, विकला की पावतीवरनं त्याच दिवशी नावे, आणि शिल्लक रोजच्या रोज पुढं. मग कुठल्याही दिवशी कार्ड म्हणेल एवढा माल पायजे, आणि पोती म्हणतील एवढा हाय. दोन्हींत फरक पडला तर ती तूट. तिला कार्डावर वेगळा रकाना. विकलेला माल वेगळा, गेलेला माल वेगळा."

"लावा सायेब," बाबालाल म्हणाला. "आजच लावा. चोर सापडल्याबिगार मला जेवान ग्वाड लागायचं न्हाय."

हे शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारले. पुढं ते त्याला किती वेळा आठवले असतील, त्याचं तोच जाणे.

कार्डं छापून आली. एक सप्टेंबरला सगळा माल तोलून त्यावर शिल्लक चढवली. महिनाभर कारकून रोज संध्याकाळी पावत्यांची बेरीज करून कार्डं भरायचा. महिना संपला तसं पहिलं मोजमाप झालं. साखरेच्या कार्डावर सुरुवात आठशे किलो, आवक तीन हजार, विक्री दोन हजार नऊशे साठ. शिल्लक पाहिजे आठशे चाळीस. पोती तोलली, भरली सातशे अठ्ठ्याण्णव.

बेचाळीस किलो साखर गायब.

"परत तोला," रेवणसिद्ध म्हणाला. परत तोललं. सातशे अठ्ठ्याण्णव. तूरडाळ कमी, रवा कमी, शेंगदाणे कमी. साबणाची एक वडी कमी नाही, काडेपेटीचा एक पुडा कमी नाही. ईरप्पाचं तेल बरोबर. जे जे सुटं, तोलून द्यायचं, ते तेवढं कमी.

बाबालाल पोत्यावर बसला. बेचाळीस किलो म्हणजे एक माणूस उचलून नेईल एवढं ओझं, आणि ते एका महिन्यात त्याच्यासमोरून गेलं होतं.

"उंदीर म्हणावं तर उंदीर साबण पण कुरतडतो," रेवणसिद्ध स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सुट्या मालाला हात कोण कोण लावतं?"

"मी तोलतो," बाबालाल म्हणाला. आणि मग त्याच्या मनात आलं ते तोंडातून निसटलं. "आन् धोंडुआक्का निवडती."

धोंडुबाई ही भांडारात धान्य निवडायला, झाडायला ठेवलेली पन्नाशीची विधवा. मागच्या खोलीत सूप घेऊन बसायची. खडे काढायची, पोत्यातून सांडलेलं झाडून गोळा करायची. संध्याकाळी जाताना झाडलेल्यातला मातीमिश्रित चुरा पदराला बांधून न्यायची, कोंबड्यांना. जुन्या मॅनेजरनीच तशी परवानगी दिली होती.

"पदरात कायतरी बांधून नेती रोज," बाबालाल म्हणाला. "कोंबड्यांला म्हणती. आत काय असतंय कुणी सोडून बघितलंय?"

त्यानं स्वतः कधी सोडून बघितलं नव्हतं. पण मी न्हाय, ईरप्पा न्हाय, मग कोण, असा त्याचा सरळ हिशोब होता. रेवणसिद्धला ते पटलं नसावं, त्यानं पुन्हा कार्डं चाळायला घेतली. पण ही गोष्ट चेअरमन आण्णांच्या कानावर गेली, आणि आण्णांना सभासदांना तोंड द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडुबाईला भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत पदर सोडायला लावला.

पदरात चुराच निघाला. माती, तूस, आणि त्यात पाच-पंचवीस डाळीचे दाणे.

"हे दाणे कुणाचे?" आण्णा म्हणाले. "आज थोडे हायत. रोज किती असत्यात?"

धोंडुबाईनं एकदा बाबालालकडं बघितलं. त्यानं नजर वजनांकडं वळवली. मग तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, पदर झटकला आणि निघून गेली. रांगेत उभ्या असलेल्या चिमणाबाईनं, म्हणजे तिच्याच गल्लीतल्या बाईनं, तोंडाला पदर लावला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की धोंडी भांडारात साखर चोरत होती. दुसऱ्या दिवशी नळावर तिची घागर कुणी लावून घेईना.

घरी बाबालालनं ही हकिकत शमशादला, त्याच्या बायकोला सांगितली. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, तुम्ही तिला नेताना डोळ्यांनी बघितलं होतं का. बाबालाल चिडला. बघायला काय लागतं, म्हणाला, कार्ड सांगतंय की. शमशादनं भाकरी तव्यावर टाकली.

ऑक्टोबर लागला. पुढं दिवाळी, गिऱ्हाइकाची रीघ. बाबालालचा हात दिवसभर तराजूवरून निघत नव्हता. मधे चार दिवस मात्र तो मलकापूरला गेला. भाचीचं लग्न होतं, टाळता येत नव्हतं. त्याच्या जागी ईरप्पा तोलायला उभा राहिला. बायकांनी नाकं मुरडली.

बाबालालला मनातून शांत वाटत होतं. मागच्या खोलीत आता कुणी बसत नव्हतं. धान्य पोत्यातून थेट तराजूत येत होतं. ह्या महिन्याला कार्ड आणि पोती जुळणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. महिनाअखेरीस मोजायच्या दिवशी तो सकाळी आठलाच येऊन बसला.

साखरेची पोती तोलली. कारकुनानं आकडा वाचला. रेवणसिद्धनं कार्डाशी ताडला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पंचावन्न किलो तूट," तो म्हणाला.

बाबालालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं कारकुनाच्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचला. पंचावन्न. गेल्या महिन्यापेक्षा तेरा किलो जास्तच. धोंडुबाई तर महिनाभर या उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"कुलपाची किल्ली दुसऱ्याकडं हाय काय?" त्यानं विचारलं.

"मामा, बसा," रेवणसिद्ध म्हणाला. "ईरप्पा, दार लाव. आज दहाला उघडू."

त्यानं ड्रॉवरमधून एक वही काढली. "चोर किल्लीनं आला असता तर पोतं नेलं असतं," तो म्हणाला. "किती गिऱ्हाईक आलं, याच्याशी त्याचा काही संबंध नसता. पण ही तूट गिऱ्हाइकाबरोबर वाढतीया. मी पावत्या मोजल्या. सप्टेंबरात साखर घेतलेल्या पावत्या सोळाशे ऐंशी, तूट बेचाळीस किलो. ऑक्टोबरात, मधले चार दिवस सोडून, पावत्या बावीसशे, तूट पंचावन्न किलो. भागून बघितलं. दोन्ही महिन्यांत एका पावतीला पंचवीस ग्रॅम. सप्टेंबरातल्या डाळीच्या पावत्या बाराशे चाळीस, तूट एकतीस किलो. परत पंचवीस ग्रॅम. एक किलो घेतलेलं असो नाहीतर पाच किलो, तेवढेच."

बाबालाल त्याच्याकडं बघत राहिला. आकडे त्याच्या कानावर येत होते, पण आत जात नव्हते.

"अजून एक," रेवणसिद्ध म्हणाला, आणि आता तोही खाली बघून बोलत होता. "तुम्ही मलकापूरला गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी साखर तोलून ठेवली. परत आला त्या सकाळी पुन्हा तोलली. त्या चार दिवसांत पाचशे बारा किलो साखर विकली गेली. तूट अर्धा किलो, ती सांडलवंड म्हणून सोडून देऊ."

"म्हंजे मी चोर?" बाबालाल उठून उभा राहिला. "मी? अवो सायेब, मी ह्या मालातला दाणा..."

"चोर म्हणत नाही. एक किलो साखर तोला."

"काय?"

"रोज तोलता तशी. एक किलो."

बाबालालनं तोलली. रागानंच तोलली. किलोचं वजन टाकलं, साखर ओतली, काटा स्थिर झाला, आणि पाच बोटं पोत्यात जाऊन आली. वरचं पडलं. त्यानं ती साखर कागदात सोडली. रेवणसिद्धनं ती पुडी दुसऱ्या लहान तराजूत ठेवली, पलीकडं किलोचं वजन टाकलं. पारडं साखरेकडं. मग त्यानं वजनाच्या बाजूला वीस ग्रॅम ठेवले. अजून साखरेकडंच. वर पाच ग्रॅम ठेवले तेव्हा दोन्ही पारडी समोरासमोर येऊन थांबली.

"परत तोलतो," तो म्हणाला. "ह्या बारीला बेतानं."

दुसऱ्यांदा त्यानं ध्यान देऊन तोललं. काटा स्थिर झाला. त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आता हात उचलायचा नाही. आणि हात गेला. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याचाच हात पोत्यात गेला आणि वरचं टाकून आला. त्याला कळलंसुद्धा पारडं खाली गेल्यावर. ईरप्पानं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा बाबालालनं डावा हात उजव्या मनगटावर धरून ठेवला, तेव्हा कुठं एक किलो साखर एक किलो भरली.

चाळीस वर्षांचा हात होता तो. बापानं छडीनं घडवलेला, पेठेनं वाखाणलेला. आणि त्यानंच बारा वर्षं भांडार पोखरलं होतं. बाबालालला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"जुन्या पद्धतीत हे मरेपर्यंत कळलं नसतं मामा," रेवणसिद्ध हळूच म्हणाला. "तुमचं वरचं दरसाल 'विकलेल्या माला'त जाऊन बसायचं. पावतीवर किलो, पिशवीत किलो आणि पंचवीस ग्रॅम."

"मला काढून टाका."

"ते आण्णा ठरवतील. मी तसं सांगणार नाही. उद्यापासनं काटा बरोबर आला की थांबायचं, एवढंच."

पण बाबालालच्या डोक्यात नोकरी नव्हतीच. त्याच्या डोळ्यांपुढं धोंडुबाईचा सोडलेला पदर होता. कार्डानं फक्त तूट सांगितली होती, चोर सांगितला नव्हता. चोर त्यानं सांगितला होता. दहा वाजायच्या आत तो तसाच, टोपीही न घालता, तिच्या घराकडं गेला.

धोंडुबाई दारात कोंबड्यांचं खुराडं साफ करत होती. महिन्याभरात ती निम्मी झाली होती. त्याला बघून उठली नाही.

"आक्का," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड, पावत्या, पंचवीस ग्रॅम, दोनदा आपोआप उचललेला हात. सांगताना त्याची जीभ अडखळत होती. "तू न्हाईस. मीच हाय. मला ठावंच नव्हतं गं."

धोंडुबाईनं हातातला खराटा खाली ठेवला.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली.

बाबालालला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"मागच्या खोलीतनं तुजा हातच तेवढा दिसायचा मला. बारा वर्सं बगत हुते. दिसाला शंभरदा तरी मूठ जादा पडती, पोत्यातलं कमी व्हनारच की. त्याला कार्ड कशाला पायजे?"

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस?" बाबालालनं विचारलं. "आण्णांनी पदर सोडायला लावला तवा? म्हनायचंस की, बाबालालचा हात बगा."

"आन् तुला काढला असता, मग? तुजी पाच पोरं. माजं काय, मी एकटी, कोंबड्या हायत चार." तिनं खुराड्याकडं बघितलं. "आन् मला वाटलं, तू बोलशील. तुला ठावं हाय नि तू गप बसलायस, असंच वाटलं मला. महिनाभर तेच सलत हुतं बग. चोर म्हनल्याचं न्हाय एवढं."

बाबालाल उंबऱ्याबाहेर तसाच खाली बसला. न बघता त्यानं तिचं नाव घेतलं होतं, आणि रोज बघूनही तिनं त्याचं घेतलं नव्हतं. मग तो म्हणाला, "सायेब तुला कामावर घेतील परत. मी सांगतो त्यांला."

"घेतील की. पर नळावर काय सांगू? त्यांनी माजी घागर बाजूला सारली, त्यांला तुजं ते कार्ड वाचता येतंय व्हय?"

बाबालाल उठला आणि परत भांडारात आला.

दार उघडलं होतं. दिवाळीची गर्दी, रांग रस्त्यापर्यंत गेलेली. ईरप्पा तराजूपुढून बाजूला झाला आणि बायकांच्या रांगेत बरं वाटल्याची कुजबुज झाली. पहिलाच नंबर चिमणाबाईचा. तिनं पावती पुढं केली, दोन किलो साखर. बाबालालनं दोन किलोचं वजन टाकलं, साखर ओतली. काटा स्थिर झाला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

चिमणाबाई पिशवी मिटून उभीच. "वरचं?" तिनं विचारलं.

"न्हाय आता वरचं," बाबालाल म्हणाला. मग त्यानं मान वर केली आणि रस्त्यापर्यंतच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. मॅनेजर टेबलामागून उठून बघत होता, पण त्यानं अडवलं नाही. "भांडारातली साखर धोंडुबाईनं न्हेली न्हवती. मी तिचं नाव घेतलं ते खोटं हुतं. महिन्याला चाळीस-पन्नास किलो साखर माझ्या हातनं गेली. वरचं वरचं म्हणून. ती तुमच्या पिशवीत गेली. बारा वर्सं, तुमच्या घरांत."

रांगेतली कुजबुज थांबली. मागच्या बायकांनी पुढच्यांना विचारलं काय म्हणतोय, आणि पुढच्यांनी सांगितलं नाही. कुणी आपल्या पिशवीकडं बघितलं, कुणी जमिनीकडं. नळावर घागर बाजूला सारणाऱ्या तीनचार तरी त्यात होत्या.

चिमणाबाईचा चेहरा पांढरा पडला. साखर पारड्यात तशीच होती. तिनं पिशवी उघडायला हात हलवला आणि तो मधेच राहिला.

"म्हंजे," ती अगदी हळू म्हणाली, "आमीच खाल्ली व्हय ती."

बाबालालनं पारडं उचललं आणि तिनं पिशवी उघडायची वाट बघत उभा राहिला.